प्लेस्टेशनवरचं नाव बदलताय? या चुका टाळा

प्लेस्टेशनवर मित्रांना जे नाव दिसतं त्याला ऑनलाइन आयडी म्हणतात. एप्रिल 2019 पर्यंत तो बदलायची सोयच नव्हती. शाळेत असताना घेतलेलं `tiger_1999` जन्माला चिकटलेलं असायचं. आता तो बदलता येतो. पहिला बदल फुकट, पुढचा प्रत्येक बदल पैसे मोजून. अमेरिकेतल्या खात्याला 9.99 डॉलर पडतात, प्लेस्टेशन प्लसची वर्गणी चालू असेल तर 4.99. इतर देशांत तिथल्या चलनातली रक्कम पैसे भरण्याआधी स्क्रीनवर दिसते.

सगळ्यात जास्त पस्तावा होतो तो फुकटचा बदल घाईत वाया गेल्याचा. समजा, `tiger_1999` ला `Sahyadricha_Wagh` व्हायचं आहे. आयडीत 3 ते 16 अक्षरं चालतात आणि हे नाव मोजून 16 भरतं, म्हणजे बसतं. फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर चालतात. देवनागरी चालत नाही, मधे मोकळी जागाही नाही. आता टाइप करताना एक `h` सुटला आणि `Sahyadrica_Wagh` नोंदलं गेलं. हे नाव नियमात बसत असल्यामुळे सिस्टीम टोकत नाही आणि फुकटचा बदल तिथेच संपतो. जुन्या `tiger_1999` वर परत जायला पैसे पडत नाहीत, पण सुटलेला `h` घालायचा म्हणजे दुसरा बदल, आणि तो विकतचा. म्हणून नाव आधी नोट्समध्ये लिहा, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि मगच टाका.

पीएस5 वर Settings > Users and Accounts > Account > Profile > Online ID असं जायचं. कंट्रोलरने एकेक अक्षर निवडण्यापेक्षा ब्राउझरमधून खात्यात शिरून PSN Profile मध्ये बदललेलं बरं. कीबोर्डवर चुका कमी होतात. त्याआधी चालू असलेले सगळे गेम पूर्ण बंद करा.

याच वेळी जुना आयडी नव्यासोबत दाखवायचा का, हे विचारलं जातं. हो म्हटलं तर 30 दिवस प्रोफाइलवर दोन्ही नावं दिसतात. बदल पूर्ण झाल्यावर हा निर्णय फिरवता येत नाही. बरेच जण जुन्या नावाची लाज वाटते म्हणून नाही म्हणतात, आणि मग यादीतले मित्र ‘हा कोण?’ म्हणत अनफ्रेंड करतात. आपलं मत विचाराल तर 30 दिवस लाज सोसावी. मात्र कुणाला टाळण्यासाठीच नाव बदलत असाल तर नाहीच म्हणा. तरी ती व्यक्ती मित्रयादीत असेल तर तिला नवं नाव दिसणारच, कारण यादी तशीच राहते. त्यासाठी ब्लॉक करावं लागतं.

गेममध्ये जुनंच नाव दिसतंय? गेम पूर्ण बंद करून कन्सोल रीस्टार्ट करा. तरीही काही ठिकाणी जुनं नाव राहू शकतं, सोनी तसं आधीच बजावते. शिवाय प्रत्येक गेम हेच नाव वापरतो असं नाही. फोर्टनाइटमध्ये दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरच्या मित्रांना एपिक खात्याचं नाव दिसतं. ते एपिकच्या साइटवरून वेगळं बदलावं लागतं, आणि एकदा बदललं की दोन आठवडे थांबावं लागतं.

खरा धोका जुन्या गेममध्ये आहे. 1 एप्रिल 2018 नंतर मूळ प्रकाशित झालेले पीएस4 गेम ही सोय लक्षात घेऊन बनवलेले असतात, तरी प्रत्येकाची हमी नाही. पीएस3 आणि व्हिटाच्या गेमना ही सोयच नाही. ब्लडबोर्न (2015) किंवा पीएस4 वरचा जीटीए 5 (2014) त्या तारखेच्या आधीचे. याचा अर्थ ते बिघडतातच असा नाही, पण असा एखादा गेम रोज खेळत असाल तर सोनीची तपासलेल्या गेमची यादी आधी बघा. काही जुने गेम खेळाडूला आयडीवरूनच ओळखतात. नाव बदललं की तुम्ही त्यांच्या लेखी नवखे, आणि मग प्रगती, विकत घेतलेली गेममधली नाणी किंवा अर्धवट ट्रॉफींची मोजणी जाऊ शकते.

गेम उघडल्यावर पहिल्या लेव्हलपासून सुरुवात दिसली तर तिथेच थांबा. नवा गेम सुरू करून जुन्या सेव्हवर सेव्ह करू नका. प्लेस्टेशन सपोर्टला गेमचं नाव आणि दोन्ही आयडी कळवून जुना आयडी परत मागा. नियमभंगामुळे काढलेला नसेल तर तो फुकट मिळतो, दुसऱ्या कुणाला दिलेला नसतो, आणि तो परत आला की बहुतेक बिघाड सुटतात. सगळेच मात्र सुटतील असं नाही.