एकच ‘शुभ सकाळ’ बारा वेळा आलं तर

माझी आत्या गुहागरजवळच्या गावात राहते. घर उतारावर, रेंज मिळते ती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर. एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्याकडून जास्वंदीच्या फुलाचा तोच फोटो लागोपाठ बारा वेळा आला. भाचेमंडळी चिडली. मी चिडण्याआधी तिला फोन केला, हे बरं झालं.

आधी दोन मेसेजमधलं अंतर बघा. सगळे मिनिटभरात आले असतील, तर बहुधा दोष रेंजचा असतो. मेसेज फोनमधून बाहेर पडलेला नसला की त्याच्यापुढे घड्याळाची खूण दिसते. बाहेर पडला की एक टिक येते, समोरच्या फोनवर पोहोचला की दोन. आत्या म्हणाली, “अगो, तो घड्याळ जाईना, म्हणून परत परत दाबलं.” दरवेळी दाबलेला फोटो रांगेत उभा राहत होता, आणि ती सड्यावर पोहोचताच सगळी रांग एकदम सुटली.

तिला एवढंच सांगितलं, की घड्याळ दिसलं तर हात लावायचा नाही. रेंज आली की फोटो आपोआप जातो. चुकून दोनदा दाबलाच, तर फोटोवरच्या फिरत्या गोलातली फुली दाबायची, म्हणजे तो थांबतो. गेलेला मेसेजही पुसता येतो. त्यावर बोट दाबून धरायचं, मग कचऱ्याच्या डब्याची खूण आणि Delete for everyone. हे साधारण दोन दिवसांच्या आत करावं लागतं आणि तिथे ‘मेसेज पुसला’ अशी ओळ उरतेच. शिवाय फोटो पाठवण्यापेक्षा मजकूरच पाठवायला सांगा. तो हलका असल्यामुळे अंधुक रेंजमध्येही लवकर जातो.

आपल्या बाजूने त्या माणसाचं चॅट म्यूट करा, ब्लॉक नको. म्यूट केल्यावर मेसेजचा आवाज बंद होतो, पण फोन केला तर रिंग वाजते. पावसाळ्यात एकट्या राहणाऱ्या माणसासाठी ती रिंग मला फार मोलाची वाटते.

अंतर तासातासाचं असेल, सात वाजता, साडेनऊला, पुन्हा अकराला, आणि तेही रोज, तर कारण वेगळं असू शकतं. सकाळी पाठवलेलं आठवत नसेल का, हे बोलताना हळूच ताडून बघा. इतर गोष्टीही विसरल्या जात असतील तर डॉक्टरांना दाखवा. वयाचं म्हणून सोडून देऊ नका.

शुभेच्छेसोबत ‘निळ्या अक्षरांवर टच करा’ अशी लिंक वारंवार येत असेल, तर ती उघडू नका. त्या माणसाला साधा फोन करून विचारा. त्याने पाठवलीच नसेल, तर त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या Linked devices मध्ये अनोळखी फोन किंवा संगणक दिसतो का ते बघायला सांगा, आणि दिसला तर तिथूनच लॉगआउट करायला लावा.

आत्या आता दूध घालायला सड्यावर जाते तेव्हाच फुलाचा फोटो पाठवते, आणि दोन टिका दिसेपर्यंत तिथल्या कातळावर बसून राहते.