हरवलेलं जनावर फोटोत ओळखताना या चुका टाळा

इंदूरला मावशीकडचा कुत्रा चिकू ऑगस्टमधे पावसात हरवला. बिस्किटी रंगाचा, छातीवर पांढरं, उजव्या पुढच्या पायाला पांढऱ्या केसांचा, घातल्यासारखा दिसणारा मोजा. ग्रुपवर टाकला तो जानेवारीतला गच्चीवरचा, भर दुपारचा फोटो, त्यात तो जवळपास क्रीम दिसत होता. दुसऱ्याच रात्री एका दादांनी लोकमान्य नगरच्या बाजूचा फोटो पाठवला, पण मावशी म्हणाली, "हा नव्हे गं, हा तर चांगला गडद तपकिरी आहे." तो चिकूच होता, आणि त्या एका वाक्यामुळे आमचे दोन दिवस गेले, म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक म्हणजे ओल्या केसांचा रंग खरा धरणं. कोरड्या केसांच्या मधे हवा असते, उजेड त्यात इकडेतिकडे उसळून परत आपल्याकडे येतो म्हणून केस फिके दिसतात. भिजले की हवेच्या जागी पाणी येतं, उजेड परत यायच्या ऐवजी आत शिरतो आणि केसांतल्या रंगातच शोषला जातो, त्यामुळे बिस्किटी अगदी तपकिरी होतं. पांढऱ्या केसांत शोषायला रंगच नसतो, ते काळे नाही होत पण चिकटून झुबके होतात आणि खालची गुलाबी किंवा करडी कातडी दिसते, म्हणून चिकूचा मोजा त्या फोटोत मळकट करडा वाटत होता आणि आम्ही तो चिखलच समजलो. ओळखायची खूण म्हणजे पाठीवर केसांच्या टोकदार वाती आणि पोटाखाली थेंब. असं दिसलं की रंग बाजूला ठेवा.

त्यात कोपऱ्यावरचा दिवा जुना पिवळा सोडियमचा. त्या उजेडात निळा भाग जवळपास नसतोच, त्यामुळे पांढरं पिवळं दिसतं आणि करडं, तपकिरी, बिस्किटी सगळं एकाच जातीचं होऊन बसतं. फोटोत एखादी गोष्ट शोधा जी पांढरी असणारच, चुन्याची भिंत, गाडीची नंबर प्लेट, ती पिवळी दिसत असेल तर कुत्राही तेवढाच पिवळा झालाय. एडिटमधे वॉर्म्थ कमी करून थोडा फरक पडतो, पण सोडियममधे जो रंग आलाच नाही तो स्लाइडर कुठून आणणार, खूप ओढलं तर सगळं राखाडी होतं एवढंच. अंधारात फोन फोटोतले दाणे पुसतो तेव्हा बारीक ठिपकेही पुसून टाकतो, म्हणजे ठिपका नाही दिसला म्हणून "हा आपला नाही" ठरवू नका.

मग आम्ही दादांना म्हटलं फ्लॅश मारून काढा, आणि ही आमची दुसरी मोठी चूक. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई होतो. तोंड 1 मीटरवर आणि शेपटी 2 मीटरवर, म्हणजे तोंड पांढरंफटक आणि मागचं अंग काळं, एकाच कुत्र्याचे दोन रंग! डोळे हिरवे चमकले ते बघून मावशी परत नाही म्हणाली, पण ती चमक डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परत आलेल्या उजेडाची असते, डोळ्याचा रंग नसतो तो. फ्लॅश मारायचाच झाला तर कुत्रा आडवा उभा असताना, म्हणजे डोकं आणि शेपटी साधारण सारख्याच अंतरावर येतात, आणि 2-3 मीटर लांबून.

आता जानेवारीच्या फोटोचं. थंडीत आतली मऊ लव दाट होते, बऱ्याच कुत्र्यांत ती वरच्या केसांपेक्षा फिकी असते, म्हणून अंग फुगीर आणि फिकं दिसतं. उन्हाळा लागला की ती गळते आणि वरचे गडद केस अंगाला बसतात. काळ्या कुत्र्यामांजरांत वेगळंच होतं, उन्हानं काळे केस तांबूस पडतात, मग नवीन केस येताना काही दिवस अंगावर काळे तांबूस पट्टे दिसतात. लोक "काळी मांजर" शोधत असतात आणि समोर तांबूस मांजर बसलेली असते!

शेवटी चिकू सापडला तो उजव्या मोज्याच्या आकारावरून. मोजा आतल्या बाजूनं वर चढून टोकाला दुभंगलेला आहे, आणि ही कड ओल्या फोटोतही तशीच होती, फ्लॅशमधेही तशीच. रंग बदलतो, पण पांढऱ्याची कड कुठून कुठे जाते ते बदलत नाही. फक्त मोबाईलचा सेल्फी कॅमेरा कधी कधी उजवं डावं उलटं करतो, तेवढं तपासा.

आता मावशी दर थंडीत आणि दर पावसाळ्याआधी एकेक फोटो काढून ठेवते, सकाळी 8-9 वाजता सावलीत, फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी, शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून. आणि तुम्हाला कुणाचं भिजलेलं जनावर सापडलं तर आधी टॉवेलनं पुसा, वाळू द्या, सकाळच्या उजेडात फोटो काढा, आणि मेसेजमधे "तपकिरी कुत्रा" असं न लिहिता पांढरं कुठे कुठे आहे ते लिहा.