काशीहून जवभर जास्त

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाबाहेर घेतलेलं क्षेत्रमाहात्म्य वाचताना सगळंच खरं मानावं की सगळंच थाप, असं होतं. मी पेन्सिलीनं समासात तीनच प्रश्न लिहितो.

‘करवीर माहात्म्या’त हे क्षेत्र काशीहून जवभर श्रेष्ठ म्हटलंय. त्यावर ते प्रश्न चालवून बघा.

१. कोणी? पोथीत बोलणारा म्हणजे लिहिणारा नव्हे. लिहिणारा बहुधा इथल्या क्षेत्राशी बांधलेला.
२. कोणासाठी? काशीचा महिमा आधीच मानणाऱ्या यात्रेकरूसाठी. नाहीतर तुलनेला काशी कशाला?
३. कशासाठी? यात्रा इकडे वळावी म्हणून. आणि ‘जवभर’च, म्हणजे काशीचा मानही राखला! (हुशार माणूस.)

श्रेष्ठत्व सिद्ध झालं नाही, पण लिहिताना मापदंड काशीच होती, हे कळलं.

मात्र हेतू सापडला म्हणून त्यातली घाट-तीर्थांची नावं खोटी धरू नका; ती पंचगंगेकाठी जाऊन वेगळी ताडावी लागतात.