'हिंसा' हा शब्द नको, आधी फोनबद्दल विचारा

समुपदेशनाच्या खोलीत आलेली मुलं मोबाइल टेबलावर बहुधा पालथा ठेवतात. सायलीने तो उताणा ठेवला आणि बोलताना एक डोळा सतत स्क्रीनवर ठेवला. अकरावी कॉमर्स, वय सोळा. वर्गशिक्षिकेने पाठवलं होतं ते "लक्ष नाही, मैत्रिणीही तुटल्यात" एवढंच सांगून. (नाव बदललंय, आणि तपशील दोन-तीन मुलींचे मिळून आहेत.) मध्येच ती म्हणाली, "मॅडम, सव्वाला मला एक मेसेज करावाच लागेल." करावाच लागेल, असं म्हणाली. मी तिथेच कान टवकारले.

या वयातल्या मुलामुलींच्या नात्यात एकाची दुसऱ्यावर दादागिरी चालत असेल तर तो विषय काढायचा कसा, ते इथे सांगते. हे नव्या समुपदेशकांसाठी आहे, पण वर्गशिक्षकांना आणि जिच्याशी भाचरं मोकळी बोलतात अशा मावशी-आत्यांनाही उपयोगी पडेल.

१. कुलूप किती पक्कं आहे, ते आधी सांगा

"इथे बोललेलं कुठेही जाणार नाही" हे वाक्य आपल्या तोंडी पटकन येतं, आणि ते खोटं आहे. पॉक्सो कायदा २०१२चा आहे आणि त्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली जाते. तिची संमती होती का, हा प्रश्न तिथे उरतच नाही. लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत. मुलीने सगळं सांगून टाकल्यावर हे सांगणं म्हणजे तिला सापळ्यात पकडणं.

म्हणून माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आपण बोलू ते मी घरी किंवा सरांना सांगत नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्याशी शारीरिक जबरदस्ती केली, शरीरसंबंध आले, तसे फोटो घेतले, तर मला पुढे कळवावं लागतं. कळवायच्या आधी मी तुला सांगेन. किती सांगायचं ते आता तू ठरव." हे ऐकून काही मुली गप्प होतात. होऊ द्या. फोन तपासणं, मैत्रिणी तोडायला लावणं, कपड्यांवरून बोलणं हे सगळं या यादीबाहेर आहे आणि त्यावर तासभर मोकळं बोलता येतं.

२. एकीला हेरू नका, सगळ्यांना सांगा

"तुझा बॉयफ्रेंड तुला त्रास देतो का?" असं थेट विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं. पहिलं कारण, बॉयफ्रेंड आहे हेच तिला कबूल करायचं नसतं. दुसरं, तिच्या लेखी तो त्रास नसतो, ते प्रेम असतं.

अमेरिकेत एलिझाबेथ मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधी रीत काढली आणि कॅलिफोर्नियात शाळांमधल्या आरोग्य केंद्रांत ती तपासून पाहिली. केंद्रात कशासाठीही आलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या हातात खिशात मावेल एवढं एक कार्ड द्यायचं. त्यावर नातं नीट असल्याची आणि नसल्याची लक्षणं आणि मदतीचे नंबर. विचारपूस नाही, कबुली नाही. कार्डं दोन द्यायची, एक तुझ्यासाठी आणि एक मैत्रिणीसाठी. मला यातलं दुसरं कार्ड फार आवडतं. मुलगी ते 'मैत्रिणीसाठी' घेते आणि वाचते स्वतःसाठी, आणि आपणही तसंच आहे असं समजून चालतो.

आमच्याकडे मी ते मराठीत, साध्या झेरॉक्सवर केलंय. दप्तरात सापडलं तरी घरी प्रश्न पडू नये म्हणून वरच्या बाजूला परीक्षेच्या ताणाबद्दल चार ओळी आहेत. सायलीला कार्ड देताना म्हटलं, "हे मी सगळ्यांनाच देते. एखाद्या मैत्रिणीला लागेल." ती वाचत असताना मी खिडकीबाहेर पाहत होते. वाचणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसू नये.

३. वागणं विचारा, नाव ठेवू नका

हिंसा, छळ, टॉक्सिक हे शब्द आपल्या डोक्यात राहू द्यावेत. तोंडाने फक्त रोजच्या गोष्टी विचाराव्यात. फोनपासून सुरुवात सोपी जाते, कारण फोनबद्दल बोलणं म्हणजे प्रेमाबद्दल बोलणं नव्हे.

"सव्वाला मेसेज केला नाही तर काय होतं?"

"काही नाही. तो काळजी करतो."

"काळजी करतो म्हणजे काय करतो?"

मग हळूहळू निघालं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास ठेवता येतं. सायली रोज सकाळी आठला आठ तासांचं सुरू करायची. कॉलेज आणि क्लास त्यात बरोबर बसायचे. ते मध्येच बंद पडलं, बॅटरी संपली, की वर्गाचा फोटो पाठवून पुरावा द्यायचा. इन्स्टाग्रामचा पासवर्ड त्याच्याकडे होता. वर्गातल्या दोन मुलांना त्याने तिच्याच अकाउंटवरून ब्लॉक केलं होतं. तो एकोणीस वर्षांचा, दुसऱ्या कॉलेजातला.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रेमात पडलेल्या कुठल्याही जोडप्यात दिसते. पासवर्ड एकमेकांना देणं हा हल्ली जवळिकीचा पुरावाच झालाय. त्यामुळे पासवर्ड दिलाय का, यावरून काही ठरत नाही. निवाडा करणारा प्रश्न एकच असतो: "तू नाही म्हणालीस तर काय होतं?" तो रुसला, दोन तास बोलला नाही, मग बोलला, तर ते भांडण झालं. पण नाही म्हणायची भीती वाटत असेल आणि भीतीपोटी ती आधीच आपलं वागणं बदलत असेल, तर तो ताबा आहे. सायलीचं उत्तर होतं, "मी नाही म्हणतच नाही."

४. "सोडून दे त्याला" हे वाक्य गिळा

ही चूक मी केलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बारावीच्या मुलीला दुसऱ्याच भेटीत म्हटलं, "अगं, कशाला सहन करतेस? सोड ना." ती मान डोलावून गेली आणि पुन्हा आली नाही. त्याच्यासारखीच मीही तिला काय करायचं ते सांगत होते. शिवाय वाईट बोलले गेले त्याच्याबद्दल, आणि बचाव करायची पाळी तिच्यावर आली. संबंध तोडायची वेळ हीच बऱ्याचदा सगळ्यात धोक्याची असते, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. ताबा सुटतोय असं वाटलं की धमक्या वाढतात.

आपल्याकडे त्या धमकीचं रूप ठरलेलं आहे: "तुझ्या दादाला स्क्रीनशॉट पाठवीन." मुलगी त्या मुलाला जेवढी घाबरते त्याहून घरच्यांना घाबरते. घरी कळलं तर फोन जाईल, कॉलेज बंद होईल, कदाचित स्थळं बघायला सुरुवात होईल. नातं लपलेलं आहे म्हणूनच त्याची धमकी चालते. अशा वेळी काळजीपोटी तिच्या वडिलांना बोलावून घेणारे शिक्षक नकळत त्याचंच काम करून देतात. घरात कोणाला सांगायचंच असेल तर कोणाला आणि कधी, हे तिच्याबरोबर बसून ठरवा. सायलीच्या बाबतीत आई नव्हे, लग्न झालेली आतेबहीण निघाली.

सोड म्हणण्याऐवजी मी म्हणते, "हे तुझ्यामुळे होत नाहीये," आणि मग विचारते, "यातलं काय एक बदललं तर तुला हलकं वाटेल?" सायली म्हणाली, डबा खाताना फोन नको. बस, एवढंच. त्या महिन्यात आम्ही फक्त त्या अर्ध्या तासावर काम केलं: त्याला काय सांगायचं, तो चिडला तर कोण सोबत असेल, कॉलेजच्या गेटवर आला तर कुठल्या बाजूने निघायचं.

५. फोन साफ करण्याची घाई नको

लगेच पासवर्ड बदल, ब्लॉक कर, हा सल्ला सगळेच देतात. पण व्हॉट्सॲपच्या `Linked devices` मध्ये त्याचा लॅपटॉप दिसत असेल आणि तो तिथून काढला, तर त्याच्याकडचं व्हॉट्सॲप त्याच क्षणी बंद पडतं आणि त्याला कळतं. म्हणून आधी धमक्यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, तारीख-वेळ दिसेल असे, आणि त्याच्या हाती न लागणाऱ्या फोनवर ठेवायचे. त्या दिवशी ती कुठे असेल, सोबत कोण, हे ठरवायचं. मगच सेटिंग्जना हात लावायचा. मदत शोधायला तिने तिचा फोन वापरूच नये. खोलीतला लँडलाइन किंवा मैत्रिणीचा फोन बरा.

उघड्या फोटोंची धमकी असेल तर गोष्ट पॉक्सोत जाते आणि पहिल्या भेटीत सांगितलेली मर्यादा इथे लागू होते. आधी तिला सांगा, मग कळवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. cybercrime.gov.in वर स्त्रिया व मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न देताही करता येते. अठराच्या आतल्या फोटोंसाठी takeitdown.ncmec.org आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या तो आपापल्या साइटवर शोधतात. व्हॉट्सॲपवर आपापसात फिरणाऱ्या मेसेजपर्यंत मात्र तो पोचत नाही.

६. मुलगेही येतात, उशिरा येतात

"ब्रेकअप केलंस तर हात कापून घेईन" अशा मेसेजमुळे अडकलेले मुलगेही मी पाहिलेत. ते हसत हसत सांगतात, मित्रांनी हसण्यावारी नेलेलं असतं. प्रश्न तेच विचारायचे. फरक एवढाच, की तिच्या जिवाची धमकी खरी धरून तिच्याजवळच्या कुणा मोठ्या माणसाला कळवायला हवं, आणि तो भार एकट्या मुलाने वाहायचा नाही, हे त्याला स्पष्ट सांगायला हवं. दादागिरी करणारा मुलगा समोर बसला तर दोघांना एकत्र बोलावून समेट घडवू नका. तिच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक वाक्याचा हिशेब तिला बाहेर द्यावा लागतो.

७. नोंदवहीत काय लिहायचं

नोंदवही प्राचार्य मागू शकतात, उद्या पोलीसही. त्यात 'प्रेमप्रकरण' असा शब्द लिहू नका. तिचं वाक्य तिच्याच शब्दांत, अवतरणात लिहा, तारीख टाका, आणि आपला अंदाज वेगळ्या ओळीत. सायलीच्या पानावर पहिल्या दिवशी दोनच ओळी आहेत. "सव्वाला मेसेज करावाच लागेल." खाली: कार्डं दोन दिली, तिने तीन मागितली.