बजेटला बसायच्या आधी एवढं काढून ठेवा

वर्गणी आणि जाहिरातींवर चालणाऱ्या छोट्या न्यूज साइटचं बजेट करायचं तर पहिलं काम म्हणजे बँकेचं स्टेटमेंट काढा, अ‍ॅड डॅशबोर्ड नाही. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजी असतो, त्यातून खोटे क्लिक वजा होतात, आणि पैसे हातात येतात पुढच्या महिन्यात. कुणी थेट जाहिरात दिली असेल तर बिलाची तारीख सोडा, पैसे जमा झाले ती तारीख धरा, कारण रिपोर्टरला पगार बिलातून देता येत नाही ना.

मग सगळं एकाच मापात मोजा, मी मासिक वर्गणी हेच माप धरते, म्हणजे डोक्यात लगेच बसतं. समजा एका रिपोर्टरचा पगार 150 वर्गण्या. दोघांचे 300, बातमीमागे पैसे घेणाऱ्यांचे 60, प्रवास-फोन 40, आणि होस्टिंग, डोमेन, बॅकअप, न्यूजलेटरचं सॉफ्टवेअर मिळून 20. झाले 420. होस्टिंगवर लोक उगाच तासभर वाद घालतात, तिथे फक्त दोन गोष्टी बघा : पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावरचा रिन्युअल दर काय, आणि एखादी बातमी व्हायरल झाली तर जादा ट्रॅफिकचे पैसे लागतात का.

आता जमेची बाजू. यादीत 280 मासिक वर्गणीदार आहेत म्हणून 280 लिहू नका, कुणाचं कार्ड फेल जातं, कुणी सोडून जातं, 5 टक्के गळती धरली की उरले 266, त्यातून पेमेंट गेटवेचे 3 टक्के गेले की साधारण 258. वार्षिकवाल्यांकडून एकाच महिन्यात 600 आले असतील तर तो महिना फार श्रीमंत वाटतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात, कारण ते पैसे बारा महिने बातम्या देण्याचे आहेत, तेव्हा महिन्याला 50च धरा. एकूण 308, खड्डा 112.

जाहिरातींचे गेल्या सहा महिन्यांत जमा झालेले पैसे बघा, समजा 160, 90, 140, 40, 110, 60. सरासरी 100, आणि मोह होतो तीच धरायचा. पण 40 आले त्या महिन्यातही पगाराची तारीख तीच होती! म्हणून बजेटमध्ये 40. तरी 72 कमी पडतात, म्हणजे दुसरा रिपोर्टर सध्या पूर्णवेळ परवडत नाही, अर्धवेळ 75 मध्ये घेतला तर जेमतेम 3 उरतात. हे त्याला कामावर घेतानाच स्पष्ट सांगा, दोन महिन्यांनी पगार लांबवण्यापेक्षा ते बरं.

40 च्या वर येईल ती जाहिरात वेगळ्या खात्यात टाका, तीन महिन्यांचे पगार साठेपर्यंत हात लावायचा नाही. पूर्णवेळचा विषय खात्री असलेल्या वर्गण्या 75 ने वाढल्यावरच काढा, आणि त्या तीन महिने टिकल्या का तेही बघा, कारण एखाद्या गाजलेल्या बातमीमुळे आलेले लोक बऱ्याचदा दुसऱ्या महिन्यातच गळतात.