सातारच्या लॅबमध्ये पाण्यावर गोळा केलेला हायड्रोजन

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सातारला असताना केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये एक प्रयोग माझा तीन वेळा फसला. मॅग्नेशियमची फीत हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायची, निघणारा हायड्रोजन पाण्यावर गोळा करायचा आणि कोरड्या वायूचे मोल काढायचे. ऐकायला बाळबोध आहे. आता दरवर्षी नवीन बॅचला हाच प्रयोग करताना पाहतो आणि पोरं त्याच तीन खड्ड्यांत, त्याच क्रमाने पडतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला खड्डा फितीच्या लांबीचा. आमच्याकडचा तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवायचा, त्यामुळे चाळीस-पन्नास मिलिग्रॅमचा तुकडा त्यावर वजन करण्यात अर्थ नव्हता. त्यावर सोपा उपाय म्हणजे एक मीटर फीत वजन करायची आणि मग लांबीवरून हिशेब करायचा. आमची एक मीटर फीत ०.९० ग्रॅम भरली, म्हणजे एका सेंटिमीटरला ०.००९ ग्रॅम. हातातल्या छापील सूचनेत ०.०४५ ग्रॅम घ्या असं होतं, म्हणून मी पाच सेंटिमीटर कापली. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, तांब्याच्या तारेत गुंडाळली. ५० मिलिलिटरच्या युडिओमीटर नळीत आधी आम्ल ओतलं, वरून नळीच्या कडेकडेने सावकाश पाणी भरलं, फीत तोंडाशी अडकवून भोकाचं बूच लावलं आणि नळी पाण्याच्या बीकरमध्ये उलटी केली. आम्ल पाण्यापेक्षा जड, ते हळूहळू खाली फितीपर्यंत उतरतं आणि बुडबुडे सुरू होतात.

बुडबुडे इतके निघाले की नळीतलं सगळं पाणी खाली ढकललं गेलं आणि शेवटचा हायड्रोजन बुचाच्या भोकातून बाहेर पडला. प्रयोग वाया. लॅबमधले मामा मागे उभे होते. म्हणाले, "आरं, पाच कशाला घेतलीस? हितं चारच घ्यायची." का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सूचनेत चूक असेल असं वाटलं. पण सूचना बरोबर होती, फक्त ती समुद्रसपाटीला बसून लिहिलेली होती. का ते पुढे कळेल.

दुसऱ्या वेळी चार सेंटिमीटर, म्हणजे ०.०३६ ग्रॅम घेतली. या वेळी सगळा वायू नळीत राहिला. पाण्याचं तापमान २७ अंश सेल्सिअस, वायूचं आकारमान ४१.२ मिलिलिटर. मी दाब ७६० मिमी धरला आणि PV = nRT मध्ये आकडे घातले. R ची किंमत लिटर-मिमी एककांत ६२.३६, तापमान ३००.१५ केल्विन. हायड्रोजनचे मोल आले ०.००१६७३.

मॅडमनी जर्नल पाहिलं आणि फितीचे मोल काढायला सांगितले. ०.०३६ भागिले २४.३०५, म्हणजे ०.००१४८१.

"Mg + 2HCl → MgCl2 + H2. एका मॅग्नेशियमला एक हायड्रोजन. मग हा तेरा टक्के जादा हायड्रोजन तू आणलास कुठून?"

मी गप्प. वर्गात हशा.

इथे थोडं थांबून नळीत नेमकं काय असतं ते पाहू. पाण्यावर गोळा केलेल्या वायूत पाण्याची वाफही मिसळलेली असते. वायू पाण्यातून बुडबुड्यांनी वर येतो आणि नंतर पाण्याच्या पृष्ठभागावर बसून राहतो, त्यामुळे तो वाफेने संपृक्त होतो. त्या वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो. नळी रुंद की अरुंद, हायड्रोजन जास्त की कमी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. २७ अंशांना तो २६.७ मिमी असतो. डाल्टनच्या नियमाने एकूण दाब म्हणजे हायड्रोजनचा दाब अधिक वाफेचा दाब. दोघेही त्याच ४१.२ मिलिलिटरमध्ये पसरलेले असतात, म्हणून आकारमान आहे तसंच ठेवायचं आणि दाबातून वाफेचा वाटा वजा करायचा.

काही हुशार पोरं आकारमानातून वाफ वजा करतात. तेही चालतं, उत्तर तेच येतं, मात्र मग दाब पूर्ण धरावा लागतो. दरवर्षी एक तरी जण दाबातूनही कमी करतो आणि आकारमानातूनही. त्याचं उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं आणि तो मग फितीवर ऑक्साइड होतं असं लिहून मोकळा होतो.

असो. मी घरी जाऊन दुरुस्ती केली. ७६० वजा २६.७, म्हणजे ७३३.३. मोल आले ०.००१६१४. अजूनही नऊ टक्के जास्त! वाफ काढून टाकली तरी चूक तिथल्या तिथेच. खरं सांगतो, त्या रात्री मी उत्तरावरून रीडिंग बनवायच्या बेतात होतो. नळीत ३७.८ मिलिलिटर लिहिलं की हिशेब जमत होता, आणि आमच्या बॅचच्या निम्म्या जर्नलांत ३७.८ च्या आसपासचेच आकडे होते. पण ४१.२ मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "७६० तू कुठे वाचलास?" मी म्हटलं, वातावरणाचा दाब तेवढाच असतो. "मुंबईला असतो. तू कुठे बसलायस?"

सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच आहे. आपल्या डोक्यावरची हवा मुंबईकराच्या डोक्यावरच्या हवेपेक्षा तेवढीच कमी. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना वेफर्सचं पाकीट फुगलेलं सगळ्यांनी पाहिलंय, पण ते पाकीट लॅबमध्ये कुणाला आठवत नाही. भिंतीवर पाऱ्याचा फोर्टिन वायुभारमापक होता, धूळ खात पडलेला. मॅडमनी तो वाचायला शिकवला. आधी खालचा स्क्रू फिरवून पाऱ्याचा पृष्ठभाग हस्तिदंती टोकाला जेमतेम टेकवायचा, मगच वर व्हर्नियर लावायचा. वाचन आलं ७०१ मिमी. पारा उष्णतेने प्रसरण पावतो, त्यामुळे २७ अंशांना या वाचनातून सुमारे ३ मिमी वजा करावे लागतात. राहिले ६९८.

आता हिशेब परत केला. ६९८ वजा २६.७ म्हणजे ६७१.३ मिमी, हा कोरड्या हायड्रोजनचा दाब. ६७१.३ गुणिले ०.०४१२ लिटर, भागिले ६२.३६ गुणिले ३००.१५. मोल ०.००१४७८. मॅग्नेशियमचे ०.००१४८१.

वर्षभर आम्हाला वाफेची दुरुस्ती घोकून घेतली होती. ती २६.७ मिमीची. आणि जो आकडा कुणी तपासलाच नाही, त्यातली चूक होती ६२ मिमीची, दुपटीहून जास्त. पाच सेंटिमीटर फितीचं कोडंही इथेच सुटलं. ०.०४५ ग्रॅम मॅग्नेशियमचा हायड्रोजन समुद्रकाठी २७ अंशांना नळीत साधारण ४७ मिलिलिटर जागा घेतो, म्हणजे पन्नासच्या नळीत मावतो. सातारच्या कमी दाबात त्यालाच ५१.६ मिलिलिटर लागतात. मामांना हे गणित येत नव्हतं, पण अनेक वर्षं नळ्या वाहताना पाहून त्यांनी उत्तर काढलं होतं.

हल्लीची पोरं वायुभारमापकाकडे जात नाहीत, मोबाईलवर हवामानाचा दाब बघतात. तिथे १००९ हेक्टोपास्कल असं काहीतरी दिसतं. मिमीत केलं तर ७५७. हा फार फसवा आकडा आहे, कारण हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, म्हणजे गावांची एकमेकांशी तुलना करता यावी. आपल्याला हवा असतो तो जागेवरचा दाब. तो सातारला ९३० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. वायुभारमापक बिघडलेला असेल तर ज्या मोबाईलमध्ये दाबाचा सेन्सर आहे त्याचं थेट वाचन घ्या, हवामानाच्या अ‍ॅपचं नको. माझा एक मित्र सांगलीला शिकत होता. सांगली आपल्यापेक्षा दीड-दोनशे मीटर खाली, त्यामुळे त्याच्याकडे दाब ७१० च्या पुढे होता आणि त्याच चार सेंटिमीटरला त्याला साडेचाळीसच्या आसपास मिलिलिटर मिळाले. माझं ४१.२ त्याने उतरवून घेतलं असतं तर त्याचा हिशेब चुकला असता.

आता दाब बरोबर घेऊनही घसरायच्या दोन जागा आहेत.

एक म्हणजे पाण्याची पातळी. नळीतला वायू बाहेरच्या हवेच्या दाबाला तेव्हाच असतो, जेव्हा नळीच्या आतलं आणि बाहेरचं पाणी एका रेषेत येतं. बीकरमध्ये ते बहुधा येत नाही. म्हणून तोंडाशी बोट दाबून नळी उंच सिलिंडरमध्ये न्यायची आणि वरखाली करून पातळ्या जुळवायच्या. सिलिंडर नसेल तर फरक पट्टीने मोजा. आतलं पाणी ६८ मिमी वर राहिलं असेल तर ६८ भागिले १३.६, म्हणजे पाऱ्याचे ५ मिमी आणखी वजा. आतलं पाणी खाली असेल तर तेवढेच मिळवायचे. पाण्याचे मिलिमीटर तसेच्या तसे पाऱ्याच्या दाबातून वजा करणारेही भेटतात. त्यांचं उत्तर दहा टक्क्यांच्या आसपास खाली जातं आणि त्यावरूनच ते ओळखू येतात.

दुसरी जागा तापमान. ही अभिक्रिया उष्णता सोडते, नळी हाताला कोमट लागते. लगेच आकारमान वाचलं तर ते फुगलेलं असतं आणि वाफही जास्त असते. दहा मिनिटं थांबायचं, वायूचं आणि पाण्याचं तापमान एक झालं की मग वाचायचं, आणि वाफेचा तक्ता त्याच पाण्याच्या तापमानाला बघायचा. मेमध्ये लॅबचं पाणी ३६ अंशांवर जातं. तेव्हा वाफेचा दाब ४४.६ मिमी होतो, म्हणजे नळीतल्या दाबाच्या सहा टक्क्यांहून जास्त. हिवाळ्यातल्या कुणाच्या जर्नलातले २६.७ तेव्हा उतरवले तर लगेच कळतं.

माझं ०.००१४७८ पाहून मॅडमनी सही केली, पण सही करता करता विचारलं, "फीत कशाने मोजलीस?" पट्टीने, म्हटलं. "मग कापताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर?" चार सेंटिमीटरला अर्धा मिलिमीटर म्हणजे सव्वा टक्का. माझी चूक ०.२ टक्के आली होती. म्हणजे ती इतकी कमी येणं हा निव्वळ योगायोग होता, हे त्यांनी मला जर्नलातच लिहायला लावलं.