धुई पडली म्हणून लगेच बुरशीनाशक मारू नका, आधी तो धूर तर नाही ना ते बघा

मंडळी, नोव्हेंबर-डिसेंबरात तूर फुलात आली की ही गडबड दरवर्षी होतेच. सकाळी लांबचं शिवार पुसट दिसायला लागलं की लगेच विचारायलेत, धुई पडायली, फूल गळंल, कोणतं बुरशीनाशक मारू? पण दिसायला सारखं असलं तरी प्रत्येक वेळी ती धुई नसते, पुष्कळदा तो लांबून आलेला धूर असतो आणि धुरावर बुरशीनाशक मारून पंप, मजुरी, औषध सगळंच वाया जातं.

ओळखायचं कसं ते सांगतो. खरी धुई पांढरी असते, दिवस उगवताना सगळ्यात दाट असते आणि ऊन तापलं की नऊ-दहापर्यंत विरून जाते. धुराचं उलटं असतं. सकाळी थोडं बरं दिसतं आणि नऊ-दहानंतर उलट जास्तच धुरकट होतं, दुपारी बारालाही डोंगर राखाडी-तपकिरी दिसतो, मावळतीचा सूर्य लालभडक होऊन डोळ्यांनी बघता येतो. वास येईलच असं नाही, लांबून आलेल्या धुराला बहुतेक वेळा वास राहत नाही. आणि सात वाजता तुरीच्या शेंड्यावरून हात फिरवा, मग परत नऊला फिरवा. बुरशीला धूर नाही, ओल लागते. पान लवकर वाळत असेल तर वर कितीही धुरकट असू द्या, घाई करायचं काम नाही. पान उशिरापर्यंत ओलं राहायलंय आणि असं रोज व्हायलंय, तर मग मात्र रोगावर लक्ष ठेवा. कधी कधी धूर आणि दव दोन्ही एकत्र असतात, हवेत ओल वाढली की धुराचे कण पाणी धरून फुगतात आणि समोरचं आणखीच कमी दिसतं, म्हणून नुसतं डोळ्यानं ठरवू नका, हात लावून बघा.

आता इतक्या लांबून धूर येतो कसा? रस्त्याची धूळ जड, काही मिनिटांत खाली बसते. धुराचा कण एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो, तो स्थिर हवेत दिवसभरात दोन-तीन मीटरसुद्धा खाली येत नाही, पाऊस नसला तर आठवडाभर हवेत फिरू शकतो. दुपारी जमीन तापलेली असते तेव्हा आग लागली तर गरम हवा तो धूर एक-दीड किलोमीटर उंच नेते. रात्री जमिनीजवळची हवा थंड होऊन खाली जड होऊन बसते, वरचा धूर तिच्यावरून सरकत राहतो, त्याला झाडं, डोंगर, घरं काहीच अडवत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं की वरची-खालची हवा मिसळते आणि तो धूर जिथं पोचला असेल तिथं खाली उतरतो. दहानंतर धुरकट वाढतं ते ह्याच्यामुळं.

हिशोब करून बघा. समजा गोंदियाकडं दुपारी एकला धानाची धसकटं पेटवली, परभणी तिथून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, वरचा वारा ईशान्येकडून ताशी वीस किलोमीटर. एकवीस-बावीस तासांत म्हणजे दुसऱ्या दिवशी दहा-अकराला धूर आपल्या डोक्यावर. ह्या दिवसांत आपल्याकडं वारा बरेचदा पूर्व-ईशान्येचा असतो, त्यामुळं प्रत्येक वेळी पंजाबवर खापर फोडू नका.

मोबाईलवर NASA चा FIRMS नकाशा उघडला तर आगीचे ठिपके दिसतात आणि Windy मध्ये 850 hPa ला (म्हणजे अंदाजे दीड किलोमीटर उंचीवर) वारा कुठून यायलाय ते दिसतं, दोन्ही जुळतात का बघा, कालचे-परवाचे ठिपके बघा, आजचे नाही. एक लक्षात ठेवा, त्यातले मुख्य उपग्रह दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमारास जातात, संध्याकाळी पेटवून तासाभरात विझलेलं पाचट त्यात येतच नाही. म्हणजे ठिपका नाही म्हणून जवळ आग नाही असं होत नाही.

तुरीत फवारायचं ते अळी बघून. कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन दिवस रोज आठ-दहा पतंग यायला लागले की फवारणीचं बघा. आणि धूर जमिनीलगत आडवा पसरलेला असेल तेव्हा अजिबात फवारू नका, विशेषतः तणनाशक, कारण तेव्हा बारीक थेंबही खाली न बसता तसेच तरंगत शेजारच्याच्या हरभऱ्यात जातात. बांधावर एक अगरबत्ती लावून बघा, धूर सरळ वर चढून विरायला लागला आणि हलका वारा सुटला की मगच पंप चालू करा. तुरीत दुपारी चारनंतर फवारलेलं बरं, मधमाश्या तोवर कमी झालेल्या असतात.

दम्याचं माणूस घरी असेल तर ह्या दिवसांत त्याला सकाळच्या पाण्याच्या पाळीला पाठवू नका, रुमाल बांधून हे कण अडत नाहीत, एन-९५ मास्क लागतो. आणि उसाच्या ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय रोडवर काढू नका, पंक्चर झालं तर ट्रॉली रोडच्या खाली घ्या, असल्या हवेत मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ती जवळ येईपर्यंत दिसत नाही.